बारशाचें आवतण

२०२४ सालचा गुढीपाडवा ९ एप्रिलला, मंगळवारीं आला होता. नांदेडास आमच्या घरीं गुढी उतरवून, पातेलीं घासूनपुसून आम्ही निजलों, तों रात्रीं दोनच्या सुमारास लातुराहून फोन आला. सूनबाई पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं गेली होती. ती एक वाजून चाळीस मिनिटांनीं सुखरूप मोकळी झाली व मुलगी झाली, असें विहीणबाईंनीं सांगितलें. मुलगा त्याच पावलीं गाडी काढून निघाला. मी आनंदाच्या भरांत देवापुढें साखर ठेवावयास गेलें आणि उंबऱ्यावरूनच परत फिरलें. आम्हांस सोयेर लागलें होतें.

चार दिवसांनीं मुलाचा फोन आला, "आई, बारशाचें आवतण घरच्या गटांत तूंच लिही. तुझें कोणी मोडीत नाहीं." हा घरचा गट म्हणजे व्हॉट्सॲपवर आमच्या कुळांतील सत्तेचाळीस माणसें एकत्र बांधलेलीं आहेत, तो. पूर्वी माझ्या सासूबाई अशा कामीं पोस्टकार्डें घेऊन बसत. एक कार्ड चुकलें तर एक घर रुसे. गटांत चुकलें तर सत्तेचाळीस जणांस एकदमच कळतें, एवढाच फरक. मला वाटलें, चार ओळींचें काम आहे. कोणत्या दिवशीं, किती वाजतां, जेवणाचें काय, आणि नांव कोण ठेवणार. पण त्या चार ओळी लिहावयास मला चार दिवस लागले. आणि चौथी ओळ लिहितांना तर माझ्या हातास कंप सुटला.

पहिली ओळ दिवसाची. सोयेराचे दहा दिवस, अकराव्या दिवशीं शुद्धि व बाराव्या दिवशीं बारसें, हें कोणासहि ठाऊक असतें. पण बारा मोजावयाचे कोठून? दवाखान्याच्या दाखल्यावर जन्मतारीख १० एप्रिल पडली होती, कारण इंग्रजी तारीख मध्यरात्रीं बदलते. पंचांगाचा वार मात्र सूर्योदयास बदलतो. त्या मानानें मुलगी पाडव्याच्या मंगळवारचीच ठरली. दाखल्याप्रमाणें मोजलें तर बारावा दिवस २१ एप्रिल, रविवार. पंचांगाच्या वाराप्रमाणें मोजलें तर २० एप्रिल, शनिवार. थोरले भावोजी म्हणाले, "शास्त्र सोडूं नका, शनिवारच धरा." पुण्याकडील पुतणे म्हणाले, "काकू, शनिवारीं रजा मिळत नाहीं, रविवार धरा." दोन्ही पक्षांचे संदेश गटांत येऊं लागले. जाऊबाईंनीं मध्येंच एका फुलाचें चित्र पाठविलें. त्याचा अर्थ कोणासच लागला नाहीं.

माझ्या सासऱ्यांच्या कपाटांत धर्मसिंधूची मराठी भाषांतराची प्रत आहे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्याय यांनीं तो ग्रंथ १७९० सालीं लिहिला. आपल्याकडील भिक्षुक अडल्या वेळीं अजूनहि त्याचाच आधार घेतात. त्यांत आशौचाच्या प्रकरणीं नेमका हाच प्रश्न घेतला आहे. रात्रीं जन्म किंवा मृत्यु झाल्यास दिवस कोणता धरावा, याविषयीं तेथें एकच मत दिलेलें नाहीं. एक मत असें कीं, सूर्योदयापूर्वीचें सारें मागल्या दिवसांत जातें. दुसरें असें कीं, रात्रीचे तीन भाग करावे. पहिल्या दोन भागांत जन्म झाल्यास मागला दिवस, तिसऱ्या भागांत झाल्यास पुढला. तिसरें असें कीं, अर्धरात्रीपूर्वी मागला व नंतर पुढला. यांतून निवड ज्या त्या देशाच्या आचाराप्रमाणें करावी.

मीं कागद घेऊन हिशोब मांडला. त्या दिवशीं लातुरास सूर्य मावळला सुमारें सहा वाजून चाळीस मिनिटांनीं आणि दुसऱ्या दिवशीं उगवला सहा वाजून दहा मिनिटांनीं. म्हणजे रात्र साडेअकरा तासांची. तिचा एकेक भाग तीन तास पन्नास मिनिटांचा. पहिले दोन भाग संपतात दोन वाजून वीस मिनिटांनीं. आमची नात एक चाळीसला आलेली. तेव्हां तीन भागांच्या मतानें मंगळवार, सूर्योदयाच्या मतानेंहि मंगळवार, आणि अर्धरात्रीच्या मतानें बुधवार. ती आणखी चाळीस मिनिटें थांबली असती तर दोन मतें बुधवारच्या बाजूस आलीं असतीं व भावोजींस एवढ्या जोरानें बोलतां आलें नसतें!

पण येथें मतांची मोजणी करावयाची नसून आचार पाहावयाचा असतो. आणि आपल्या घरचा आचार ओळखण्याचा एक सोपा उपाय आहे. जन्मास व मृत्यूस याबाबतींत नियम एकच असल्यामुळें, घरांत पूर्वी कोणी रात्रीं गेलें असेल तर त्यांचे दिवस कसे धरले होते, तें आठवून पाहावें. माझे सासरे रात्रीं एक वाजतां गेले होते, आणि त्यांचा दहावा आम्हीं दुसऱ्या दिवसापासून मोजून केला होता. हें मीं गुरुजींस सांगितलें. ते म्हणाले, "मग प्रश्नच उरला नाहीं. तुमच्याकडे अर्धरात्रीचा आचार आहे. रविवार हाच तुमचा बारावा दिवस." शिवाय शनिवारीं दुपारपर्यंत पूर्वा फाल्गुनी होती, ती उग्र नक्षत्रांत मोडते, रविवारीं सायंकाळपर्यंत उत्तरा, ती नामकरणास चांगली. मुख्य काळीं नामकरण करतांना फारसें पाहावयाचें नसतें, तरी व्यतीपात, वैधृति, भद्रा, संक्रांति, ग्रहण व अमावास्या एवढीं टाळावीं लागतात. त्यांपैकीं रविवारीं एकहि नव्हतें. भावोजींस मीं सासऱ्यांच्या दहाव्याची आठवण दिली, तेव्हां ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "वहिनी, तुमचें खरें आहे. पिंडाला मीच बसलों होतों." रविवार ठरला. १७ तारखेची रामनवमी मात्र कोणत्याहि हिशोबानें सोयेरांतच येत होती, म्हणून यंदांचा रामजन्म आम्हीं शेजाऱ्यांच्या ओसरीवरून पाहिला.

दुसरी ओळ वेळेची. गुरुजींनीं अभिजित मुहूर्त सांगितला. दिवसाचे पंधरा समान भाग केले असतां मधला आठवा भाग तो अभिजित. बुधवारीं तो घेत नाहींत. इतर वारीं वेगळा मुहूर्त शोधण्याची यातायात वाचते. मीं गटांत "अभिजित मुहूर्तावर" एवढें लिहितांच मुंबईच्या भाचीनें फोनमधील पंचांगांतून उतरवून पाठविलें, "मावशी, अभिजित १२ वाजून १२ मिनिटांपासून १ वाजून ३ मिनिटांपर्यंत." लातूरच्या गुरुजींनीं विहीणबाईंस सांगितलें होतें, "११ वाजून ५७ मिनिटांपासून १२ वाजून ४८ मिनिटांपर्यंत." झालें! पुन्हां दोन पक्ष.

यांत चुकलें कोणीच नव्हतें. अभिजिताचा मध्य म्हणजे त्या गांवचा खरा मध्यान्ह, सूर्य डोक्यावर येण्याचा क्षण. आपलें घड्याळ साऱ्या देशाचें एकच आहे आणि तें साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलें आहे. त्या रेषेच्या पश्चिमेस प्रत्येक अंशामागें सूर्य चार मिनिटें उशिरा माथ्यावर येतो. लातूर त्या रेषेपासून जवळजवळ सहा अंश पश्चिमेस आहे, म्हणून तेथें मध्यान्ह सुमारें चोवीस मिनिटें उशिरा, म्हणजे बारा चोवीसच्या आसपास होतो. ऋतुमानाप्रमाणें त्यांत थोडी घटवाढ होते. एप्रिलच्या त्या दिवसांत मिनिट-दीड मिनिट कमी करावें लागतें. मुंबई आणखी पावणेचार अंश पश्चिमेस, म्हणून तिचा मध्यान्ह पाऊण घटकेहून कांहींसा कमी, म्हणजे पंधरा मिनिटें मागाहून. आमचें नांदेड लातुराच्या पूर्वेस असल्यानें तीन मिनिटें आधीं. भाचीच्या फोनमधील पंचांगांत गांव मुंबई भरलेलें होतें, इतकाच काय तो घोटाळा. त्या वेळेच्या भरवशावर आम्ही बारा पन्नासला नांव सांगावयास बसलों असतों तर लातुरांतला अभिजित दोन मिनिटांपूर्वींच उलटून गेलेला असता.

हें ओळखावयाचें कसें, तेंहि सांगून ठेवतें. वेळेबरोबर तेथें सूर्योदयहि दिलेला असतो. तो आपल्या अंगणांतल्या सूर्योदयाशीं पडताळून पाहावा. भाचीच्या पंचांगांत त्या दिवसाचा सूर्योदय सहा सतराच्या पुढें होता, लातुरास तो सहा तीनच्या सुमारास होतो. एवढा फरक दिसला कीं समजावें, वेळ दुसऱ्या गांवची आहे.

मग गुरुजींनीं वेळेची मांडणी करून दिली. साडेदहास गणपतिपूजन व पुण्याहवाचन, बारास नामकरण, सव्वाबारास बायकांनीं पाळणा, एकास पंगत. मी मध्यें एक अट घातली. सूनबाईस विचारल्याशिवाय ही मांडणी पक्की करावयाची नाहीं. बारा दिवसांची पोर दर दोन तासांनीं दूध मागते. ऐन मुहूर्तावर ती रडूं लागली तर सारी सभा घड्याळाकडे पाहते आणि आई कानकोंडी होते. सूनबाई म्हणाली, "आई, साडेअकरास मला उठूं द्या, मी आंत जाऊन तिला पाजून आणीन." तेवढी फट पूजेंत ठेवविली. एप्रिलचा उन्हाळा, म्हणून पाळणा दिवाणखान्यांत न टांगतां मागल्या, पश्चिमेच्या खोलींत बांधावयाचें ठरलें. ती खोली दुपारपर्यंत थंड असते.

तिसरी ओळ जेवणाची. बारसें माहेरीं, म्हणून पंगतीचा भार विहीणबाईंवर; पण आमचीं पानें किती, हें सांगण्याचें काम माझें. मीं गटांत विचारलें, "कोण कोण येणार?" उत्तरादाखल एकोणीस जणांनीं हात जोडल्याचें चित्र पाठविलें. आतां हात जोडणें म्हणजे येतों, कीं येत नाहीं, कीं नुसतें कळलें? आचाऱ्यास नमस्कार मोजून स्वयंपाक करतां येत नाहीं. स्पष्ट उत्तर आलें चौदा जणांचें. बाकीचीं चौदा माणसें गप्प राहिलीं. तेव्हां मीं घरोघरच्या कर्त्या बाईस स्वतः फोन केला आणि तीनच प्रश्न विचारले: मोठीं माणसें किती, मुलें किती, आणि सकाळच्या फराळास याल कीं थेट जेवणास? दीड तासांत हिशोब पुरा झाला. नांदेडाहून सव्वीस माणसें निघणार होतीं. लातूरकर मंडळी चाळीस. सहासष्ट पानांस सत्तरांचा स्वयंपाक सांगितला. याहून जास्त सांगितला कीं अन्न टाकावें लागतें, आणि कमी सांगितला कीं शेवटच्या पंगतीस वाढणाऱ्यांचे हात आंखडतात.

गटांतील निरोप म्हणजे सर्वांस आमंत्रण झालें, असेंहि समजूं नये. व्याही, जांवई, आणि घरांतील वडील माणसें यांस वेगळा फोन करावाच लागतो. आणि जे गांवांतच आहेत त्यांच्या घरीं हळदकुंकू घेऊन जावें लागतें. तें मीं शुद्धीच्या दुसऱ्या दिवशींवर न टाकतां, धाकट्या जावेच्या माहेरच्या बाईकडून करविलें. तिला सोयेर नव्हतें.

नांदेड ते लातूर ही लोहा, अहमदपूर, चाकूर या बाजूची वाट साधारण एकशेचाळीस किलोमीटरांची, म्हणजे थांबत थांबत साडेतीन तासांची. त्यांत नांदेडचें लोकसभेचें मतदान २६ एप्रिलला होतें, आणि भाड्याच्या बहुतेक गाड्या प्रचारांत गुंतलेल्या. एक मोठी गाडी कशीबशी मिळाली. सकाळीं सहास निघून साडेनऊस पोहोंचावयाचें, तेथें सुशीला व चहा, आणि मग जेवण एकास. हा मधला फराळ मीं मुद्दाम लिहिला. आमच्यांत तिघे मधुमेहाचे आहेत. पहाटे पांचास चहा घेऊन निघालेल्या माणसास दुपारीं एकपर्यंत उपाशी ठेवणें म्हणजे मुहूर्ताच्या वेळीं घेरी आणणें होय. सुशीला हा आमच्या मराठवाड्याचा पदार्थ: भिजवून पिळलेले मुरमुरे, वरून फोडणी, दाण्याचा कूट, कोथिंबीर. दहा मिनिटांत साठ माणसांची होते आणि पोटास जड होत नाहीं.

मला नांदेडाहून श्रीखंड न्यावयाची फार हौस होती. विहीणबाई म्हणाल्या, "वन्सं, हौस राहूं द्या. साडेतीन तासांच्या उन्हांत तें आंबून जाईल. येथें ताजी जिलबी तळून घेऊं आणि सोबत मठ्ठा." त्यांचें म्हणणें बरोबर होतें. मग सत्तर पानांस सात किलो जिलबी, साधा व मसालेभात मिळून साडेपांच किलो तांदूळ, वरणास तीन किलो तूरडाळ, पुऱ्यांस सव्वापांच किलो कणीक, भरलीं वांगीं, कैरीची डाळ, कोशिंबीर, आणि माणशीं एक वाटी धरून चौदा लिटर मठ्ठा, असा आंकडा झाला. पाळण्याच्या घुगऱ्यांस दोन किलो हरभरे शनिवारीं रात्रीं भिजत घालावयाचे होते. एप्रिलांत त्यांचें पाणी रात्रींतून एकदां बदलावें लागतें, नाहीं तर सकाळीं आंबूस वास येतो व उकडूनहि जात नाहीं.

राहिलें पाणी. २०१६ च्या एप्रिलांत लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें होतें. तेव्हांपासून तेथील गृहिणी पंगतीच्या आधीं तांदूळ मोजीत नाहीं, पाणी मोजते. पिण्यास माणशीं दोन लिटर धरून वीस लिटरांचे सात जार, आणि हात धुण्यास व भांड्यांस टांकीचें निराळें. विहीणबाईंनीं पत्रावळी मागविल्या त्याहि याच विचारानें. सत्तर ताटें घासण्याचें पाणी वांचलें.

आतां चौथी ओळ.

नांव ठेवण्याचा मान आत्याचा. माझ्या मुलास सख्खी बहीण एकच, माझी लेक. ती नांदेडासच शाळेंत शिकविते. २०२१ च्या मे महिन्यांत, करोनाच्या साथींत तिचे यजमान गेले. तिच्या वयाला तेव्हां छत्तीस वर्षें पुरीं नव्हतीं.

आवतणाची गोष्ट निघाल्या दिवशींच जाऊबाईंचा मला एकटीला फोन आला. त्या वाईट नाहींत. त्यांचा सूरहि काळजीचाच होता. "चारचौघांत कोणी कांहीं बोललें तर तिलाच लागेल. माझी धाकटी आहे ना चुलत आत्या. तिचें नांव घाला." मी "पाहूं" म्हटलें. दुसऱ्या दिवशीं लेक स्वतःच म्हणाली, "आई, नांव धाकटीला सांगूं दे. मी पानें वाढीन." तिनें तें इतक्या सहजपणें म्हटलें कीं, तिनें त्याची आधीं कितीदां उजळणी केली असेल तें मला कळलें.

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. चाळीस वर्षांपूर्वींचें माझ्या मुलाचें बारसें डोळ्यांपुढें आलें. माझ्या थोरल्या वन्सं तेव्हां विधवा होत्या. नांव धाकट्या वन्संनीं सांगितलें. थोरल्या स्वयंपाकघरांत पुऱ्या लाटीत बसल्या होत्या. बाहेर "कुर्र" झालें, हंशा पिकला, आणि मी पाण्यासाठीं आंत गेलें तेव्हां त्यांनीं पोळपाटावरून मान वर न करतां विचारलें, "काय ठेवलें ग नांव?" मीं सांगितलें. त्या "छान आहे" म्हणाल्या. त्यांना बाहेर बोलवावें असें मला सुचलें नाहीं, असें मी आजवर स्वतःस सांगत आलें आहें. पण तें खरें नाहीं. सुचलें होतें, धीर झाला नाहीं. त्या आतां या जगांत नाहींत.

सकाळीं मीं गुरुजींस विचारलें, "नामकरणांत आत्येचें स्थान काय? तिला कांहीं अट आहे काय?" गुरुजींनीं विधि उलगडून सांगितला. संकल्प पित्याचा. बाळ आईच्या मांडीवर. कांशाच्या ताटांत तांदूळ पसरून त्यांत सोन्याच्या अंगठीनें चार नांवें लिहावयाचीं. पहिलें कुलदेवतेच्या भक्ताचें. दुसरें महिन्याचें, मार्गशीर्षापासून मोजतां चैत्राचें नांव वैकुंठ येतें, मुलीस तें वैकुंठी असें होतें. तिसरें नक्षत्राचें, आमची नात अश्विनीच्या चौथ्या चरणांत जन्मलेली, म्हणून चू, चे, चो, ला यांपैकीं तिचें अक्षर ला. आणि चौथें व्यवहाराचें, ज्यानें तिला सारें जग हांक मारणार; मुलीच्या व्यवहारनामांत अक्षरें विषम असावीं, तीन किंवा पांच. हीं नांवें बाळाच्या उजव्या कानांत पिता सांगतो. "आणि आत्या?" मीं पुन्हां विचारलें. गुरुजी म्हणाले, "या विधींत आत्या कोठेंच नाहीं. पाळणा, कानांत कुर्र करणें, पाठीवर धपाटे, हा सारा लोकाचार आहे. त्याला शास्त्राची अट नाहीं. असलीच तर ती लोकांनीं घातलेली."

लोकांनीं घातलेली असेल तर लोकांपैकीं कोणी तरी ती काढली पाहिजे, आणि आवतण तर मीच लिहीत होतें. मीं लेकीस विचारलें नाहीं. विचारलें असतें तर ती पुन्हां "नको" म्हणाली असती, आणि माझी पुन्हां सोय झाली असती. गुरुवारीं सायंकाळीं गटांत पुढील मजकूर गेला:

"श्री. आमच्या नातीचें बारसें रविवार, ता. २१ एप्रिल २०२४ रोजीं लातूर येथें तिच्या आजोळीं करण्याचें योजिलें आहे. पूजेस आरंभ सकाळीं साडेदहा, नामकरण लातूरच्या अभिजित मुहूर्तावर, दुपारीं बारा, पाळणा सव्वाबारा, भोजन एक वाजतां. नांदेडाहून गाडी सकाळीं बरोबर सहास आमच्या दारांतून निघेल. पोहोंचल्यावर फराळ आहे. मूल लहान आहे, म्हणून सर्दी-खोकला असणाऱ्यांनीं पाळण्याच्या खोलींत येऊं नये, राग मानूं नये. बाळाचें नांव तिची सख्खी आत्या सांगेल. तोंवर तें कोणी विचारूं नये व ठाऊक असणाऱ्यांनीं येथें लिहूं नये. आपण सहकुटुंब यावें."

पाठविलें आणि फोन पालथा ठेवून तुळशीस पाणी घालावयास गेलें. परत येऊन पाहतें तों गटांत कांहींच नव्हतें. पंधरा मिनिटें एकहि हात जोडला गेला नाहीं. सत्तेचाळीस माणसें एकदम गप्प बसलीं कीं फोनमधूनहि तें ऐकूं येतें. मग विहीणबाईंचा फोन आला. मीं धास्तावून तो कानास लावला. त्या म्हणाल्या, "वन्सं, वाचलें. तुमच्याकडचीं पानें सव्वीसच ना? आणि असें पाहा, आत्याबाईंस पाळण्याच्या खोलींत बसावयास वेगळा पाट ठेवतें, पैठणी आणून ठेविली आहे ती त्यांचीच. रंग हिरवा चालेल ना?" मला पटकन उत्तर देतां येईना. त्यांनींच पुढें विचारलें, "चालेल म्हणून समजूं ना?" थोड्या वेळानें गटांत थोरल्या भावोजींची एक ओळ आली: "वेळेवर निघूं. सहा म्हणजे सहा." मग बाकीच्यांचे हात जुळूं लागले.

लेक त्या रात्रीं मजशीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं शाळेंतून येतांना बाळासाठीं कुंची शिवावयास मऊ कापड घेऊन आली आणि मापाविषयीं मजशीं वाद घालूं लागली.

रविवारीं सारें ठरल्याप्रमाणें झालें असें म्हणतां येणार नाहीं. गाडी सहाऐवजीं सहा वीसला निघाली, कारण थोरले भावोजीच चष्मा विसरले. मठ्ठा थोडा कमी पडला. पण बारा वाजून पांच मिनिटांनीं मुलानें लेकीच्या उजव्या कानांत चारहि नांवें सांगितलीं. मग पाळण्याखालून व वरून बाळास या हातांतून त्या हातांत देणें झालें, वरवंट्यास टोपडें घालून तोहि फिरविला, आणि माझी लेक हिरवी पैठणी नेसून पाळण्यावर वांकली. तिनें कानांत कुर्र केलें व हलकेंच नांव सांगितलें. आतां बायकांनीं तिच्या पाठीवर धपाटे घालावयाचे. एक क्षण कोणाचाच हात उठला नाहीं. बायका एकमेकींकडे पाहूं लागल्या. तो क्षण मीं चाळीस वर्षें ओळखीत होतें. तेवढ्यांत जाऊबाई पुढें झाल्या आणि त्यांनीं तिच्या पाठीवर असा दणका दिला कीं, ती "आई ग!" म्हणून खालीं बसली. मग साऱ्या जणी तुटून पडल्या.

जेवतांना लेक माझ्याशेजारच्या पानावर होती. तिनें मठ्ठा ओठांस लावला आणि हळूच म्हणाली, "आई, पाठ फार दुखते ग." मीं म्हटलें, "दुखणारच." आणि तिच्या पानावर आणखी एक जिलबी वाढविली.